दोन डब्यांचं फायबर कनेक्शन, आठ महिन्यांच्या वापरानंतर: दिवे नेमकं काय सांगतात

जूनपासून जानेवारीपर्यंतचा वापर, म्हणजे बेळगावजवळच्या खानापूरकडचा पूर्ण पावसाळा आणि उसाचा अर्धा हंगाम, या काळावर हा अनुभव लिहिला आहे. जोडणी आपल्याकडे गावोगावी दिसते तशीच आहे. केबलवाल्याने दिलेला छोटा फायबर मोडेम, त्यातून एक लॅनची वायर आणि पुढे घरचा वायफाय राउटर. वेगाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, ठरलेला वेग बहुतेक वेळ मिळतो. लिहायचं आहे ते दिव्यांबद्दल, कारण नेट बंद पडल्यावर घरात जो कोणी असेल, मग ती आजी असो वा शाळेतलं पोर, त्याला त्या दिव्यांवरून दोष कुठे आहे ते कळायला हवं.

सुरुवात शब्दापासून करावी लागते. आपल्याकडे ‘लाइट गेली’ म्हणजे वीज गेली. फोनवर ‘मोडेमची लाइट गेली’ म्हटलं, की समोरचा विचारतो, ‘गावात करंट आहे का?’ म्हणून भिंतीवरच्या कागदावर विजेला ‘करंट’ आणि डब्यावरच्या ठिपक्याला ‘दिवा’ असंच लिहावं. एवढ्या बदलाने तक्रार निम्म्या वेळात समजते.

मोडेमवर पाच-सहा दिवे असले तरी शिकायचे दोनच. एकाखाली PON ही अक्षरं असतात, दुसऱ्याखाली LOS. पॉन हिरवा आणि स्थिर असला, की मोडेमचा केबलवाल्याच्या यंत्राशी संबंध जुळलेला आहे. एलओएस मात्र उलटा चालतो. तो बंद असणं हीच चांगली खूण, आणि लाल लुकलुकला तर फायबरच्या, म्हणजे काचेच्या तारेतून प्रकाश येतच नाही असा अर्थ. घरच्या माणसांचा सगळ्यात मोठा घोटाळा इथेच होतो. सगळे दिवे हिरवे आणि एकच विझलेला दिसला, की ‘हाच बिघडलाय’ असं वाटून मोडेम बंद-चालू केला जातो, वायरी उपसल्या जातात आणि चांगली चाललेली जोडणी तुटते. एलओएसखाली मराठीत ‘हा बंद बरा’ अशी चिठ्ठी चिकटवली तर हा घोटाळा थांबतो.

तिसरी स्थिती म्हणजे एलओएस बंद, पण पॉन बराच वेळ लुकलुकतो. करंट आल्यावर एक-दोन मिनिटं तो लुकलुकणारच, ती त्याची जुळवणी असते. पाच मिनिटांनंतरही स्थिर झाला नाही, तर प्रकाश येतो आहे पण अपुरा, किंवा केबलवाल्याच्या बाजूला मोडेमची नोंद नाही. पावसाळ्यात पहिली शक्यता जास्त. खांबावरच्या डब्याचं झाकण नीट बसलेलं नसेल तर आत पाणी शिरतं, जोड खराब होतो आणि सर आली की नेट जातं, पाऊस उघडला की येतं. अशा वेळी तंत्रज्ञाला तारेतल्या प्रकाशाची ताकद मोजणारा मीटर लावून आकडा मोठ्याने वाचायला सांगावं. उणे १८ ते उणे २४ डीबीएम असेल तर ठीक. उणे २७ च्या पलीकडे, म्हणजे उणे २८ किंवा २९ आला तर मोडेम बदलून उपयोग नाही, जोड पुन्हा करायला हवा.

आता लाल एलओएसचं एक उदाहरण नीट पाहू. गणपतीच्या आधी साफसफाईत टीव्हीचं कपाट भिंतीला सरकवलं आणि संध्याकाळी नेट बंद. करंट आहे, पॉन विझलेला, एलओएस लाल लुकलुकतो. आधी शेजारी विचारायचं. एकाच खांबावरच्या डब्यातून पाच-सहा घरांना प्रकाश वाटलेला असतो. शेजारचा एलओएसही लाल असेल तर दोष बाहेरचा. नोव्हेंबरनंतर उसाने शिगोशीग भरलेल्या ट्रॉल्या खाली लोंबणारी केबल ओढून नेतात, तेव्हा सगळ्या गल्लीत एकदम लाल दिसतं. इथे शेजारचं नेट चालू होतं, म्हणजे दोष आपल्या घरात किंवा घरापर्यंतच्या तारेत.

मग मोडेममागची पिवळी बारीक तार हाताने पाहत जायचं. ती कपाट आणि भिंतीच्या मध्ये चेमटून काटकोनात वाकली होती. वायर वाकली तरी करंट जातो, पण काचेच्या तारेतला प्रकाश तीव्र वळणावर बाहेर निसटतो. वळण चहाच्या कपाच्या तोंडापेक्षा लहान नको. कपाट चार बोटं पुढे घेतलं, तार मोकळी केली, मोडेममागची हिरवी चौकोनी टोपी टक आवाज येईपर्यंत आत दाबली. अर्ध्या मिनिटात एलओएस विझला, पॉन लुकलुकू लागला, दीड मिनिटात स्थिर. तारेवर पांढरी चीर दिसली असती तर ती बदलावीच लागली असती. टोपी काढून टोकाला बोट लावू नये, कापडाने पुसू नये आणि डोळ्यासमोर तर अजिबात धरू नये. आतला प्रकाश डोळ्याला दिसत नाही, पण तो लेसर असतो.

मोडेमचे दोन्ही दिवे ठीक आणि तरी नेट नाही, तेव्हाच राउटरकडे वळायचं. त्याचा इंटरनेटचा दिवा साफ विझलेला असेल तर दोन डब्यांमधली लॅनची वायर पाहावी. तिच्या टोपीची प्लास्टिकची खिट्टी तुटली, की ती दिसायला आत असते पण टेकलेली नसते. दिवा नारिंगी असेल तर वायर जोडलेली आहे, पुढे नेट मिळत नाही. आधी रिचार्ज संपला का ते पाहावं. तो चालू असेल आणि नुकताच करंट जाऊन आला असेल, तर जुनी लॉगिन केबलवाल्याच्या यंत्रात अडकून राहते. राउटर पाच मिनिटं बंद ठेवून लावला की बहुधा सुटते. पुन्हा पुन्हा बंद-चालू केल्याने ती लवकर सुटत नाही. पिन टोचून रिसेट मात्र करू नये, त्यात लॉगिनचं नाव आणि पासवर्ड पुसला जातो.

एक खरा धोका अडॅप्टरचा. आमच्या जोडणीत मोडेमला १२ व्होल्ट आणि राउटरला ९ व्होल्ट लागतो, पण गोल पिन दोन्हींची सारखी. अदलाबदल झाली तर राउटर जळू शकतो, आणि कमी व्होल्टवर मोडेमचा पॉवरचा दिवा लागूनही तो सारखा बंद-चालू होत राहतो. अडॅप्टरला आणि डब्याला एकाच रंगाची टेप लावली की प्रश्न मिटतो.

तक्रार करताना ‘नेट येईना’ याऐवजी ‘पॉन बंद, एलओएस लाल, शेजारी चालू’ एवढं सांगितलं तर माणूस येताना तार जोडायचं यंत्र घेऊन येतो, नाहीतर एक खेप वाया जाते. फोन उचलणारा कन्नडच बोलत असेल तर ‘एलओएस केंपु’, म्हणजे एलओएस लाल, एवढ्यावरही काम भागतं.

राउटरबद्दल नाराजी एकच. हिरवा आणि नारिंगी एकाच बारीक ठिपक्यात दाखवलेत, मोतीबिंदू असलेल्या माणसाला तो फरक दिसत नाही. मोडेमला लालसाठी वेगळा दिवा आहे, तसाच इथेही हवा होता. सगळं सुरळीत असताना दोन्ही डब्यांचा एक फोटो काढून घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये ठेवला आहे. बिघाड झाला की फोटो समोर धरून कोणता दिवा वेगळा दिसतो तेवढं सांगायचं.