यूट्यूबचा आलेख आणि गूगल फॉर्मची चाचणी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

ठाण्यातल्या दहावीच्या शिकवणीत, चाळीसेक मुलांच्या बॅचसाठी ही जोडी वापरात आहे: अनलिस्टेड व्हिडिओ आणि त्यासोबत पाच प्रश्नांचा फॉर्म. समजावणं नेमकं कुठे फसलंय ते यातून सापडतं, पण दोन्ही आकडे शेजारी ठेवले तरच.

यूट्यूब स्टुडिओत व्हिडिओचा कोणता भाग किती पाहिला गेला याचा आलेख मिळतो. त्यात उंचवटा आला म्हणजे तो भाग पुन्हा पाहिला गेला, एवढंच. गणित वहीत उतरवतानाही मुलं मागे जातात. म्हणून प्रत्येक प्रश्न व्हिडिओच्या एकाच भागावर हवा आणि प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे एक ठरावीक चूक हवी.

भिंगाच्या सूत्राचंच घ्या. बहिर्वक्र भिंग, नाभीय अंतर 20 सेमी, वस्तू 30 सेमीवर. प्रतिमा किती अंतरावर? उत्तर 60 सेमी. वस्तूच्या अंतराचं ऋण चिन्ह सुटलं की 12 येतं. बऱ्याच जणांनी 12 निवडलं आणि उंचवटाही किमती घालण्याच्या जागीच होता. चिन्हसंकेत कच्चा असेल असं आधी वाटतं, पण त्यावरचा स्वतंत्र प्रश्न मुलांनी बरोबर सोडवला होता. दोष एका गाळलेल्या ओळीत होता. सूत्रानंतर फळ्यावर थेट तिसरी ओळ आली होती. मधली ही नव्हतीच:

```
1/v − 1/u = 1/f
1/v − 1/(−30) = 1/20
1/v = 1/20 − 1/30
```

सूत्रातलं वजा आणि अंतराचं वजा मिळून अधिक होतं, मग पक्षांतरानं पुन्हा वजा. हे न दिसल्यामुळे मुलं पक्षांतर करून अधिकच लिहीत होती. मधली ओळ वेगळ्या रंगात लिहून तिथे दहा सेकंद थांबणं, एवढीच दुरुस्ती. यूट्यूबवर जुन्या लिंकवर नवी फाइल चढवता येत नाही, त्यामुळे नव्या व्हिडिओचे आकडे शून्यापासून सुरू होतात. पुढच्या बॅचला न बदललेल्या भागावरचा एक प्रश्न तसाच ठेवावा, म्हणजे बॅच मुळात हुशार आहे की समजावणं सुधारलंय हे कळतं. इथे उंचवटा तसाच राहिला, 12 निवडणारे मात्र कमी झाले. निकाल पर्यायावरूनच लावावा.

जास्त काळजीची जागा आलेख सपाट आणि उत्तरं चुकीची, ही. 20 सेमी नाभीय अंतराच्या भिंगाची शक्ती 5 डायॉप्टर, पण सेंटिमीटरचे मीटर न करता 0.05 लिहिलं जातं. सगळं कळलं असं वाटल्यावर मागे कोण जाणार? फक्त उंचवटे पाहणाऱ्याच्या हाती हा भाग कधीच लागणार नाही.

चाचणी परीक्षेच्या आदल्या रात्रीचे आकडे वगळावेत, तेव्हा सगळंच पुन्हा पाहिलं जातं. फॉर्मचा पहिलाच प्रतिसाद धरावा. ग्रुपवर उत्तरं फिरली की पुढचे निरुपयोगी. आलेख सगळ्यांचा मिळून असतो, कोणी काय पाहिलं ते त्यात दिसत नाही. आणि चाळिसात तीन-चार मुलांचा फरक पडला म्हणून व्हिडिओ पुन्हा रेकॉर्ड करू नये.