स्क्रीनशॉटवरून बिटकॉइनची सरासरी खरेदी किंमत : सात महिन्यांचा अनुभव

दर शुक्रवारी, म्हापशाचा बाजार आटोपून घरी आल्यावर, मी हजार रुपयांचे बिटकॉइन घेतो आणि त्याचा स्क्रीनशॉट ठेवतो. ॲपमधून व्यवहारांची फाइल नीट उतरवता येत नसल्याने स्क्रीनशॉट पाहून आकडे तक्त्यात भरायचे, ही पद्धत मी सात महिने चालवली. ती उपयोगी आहे. मात्र सुरुवातीचे दोन महिने माझा नफा चुकीचा निघत होता.

चूक साधी होती. व्यवहारांच्या यादीचा स्क्रीनशॉट घेतला, तर त्यात नाण्यांची संख्या चार दशांश स्थळांपर्यंतच दिसते. बिटकॉइन मात्र आठ स्थळांपर्यंत विभागले जाते. सोयीसाठी गोल आकडे घेतो. ५० लाख, ४० लाख आणि ६२.५ लाख या भावांनी प्रत्येकी ₹१,००० गुंतवले, तर अनुक्रमे ०.०००२०, ०.०००२५ आणि ०.०००१६, म्हणजे एकूण ०.०००६१ नाणे मिळते. यादीत मात्र ०.०००२, ०.०००३ आणि ०.०००२ दिसते. त्यांची बेरीज ०.०००७ झाली, की सरासरी सुमारे ४२.८६ लाखांवर घसरते आणि नसलेला नफा कागदावर उभा राहतो. म्हणून आता प्रत्येक व्यवहार उघडून आतल्या तपशिलाचाच स्क्रीनशॉट घेतो, आणि भाव गुणिले संख्या केल्यावर हजार रुपये परत येतात का, हे पाहतो. शून्य कमी-जास्त टंकले गेले असेल, तर तेही इथेच उघडे पडते.

दुसरा मोह तिन्ही भावांची सरासरी काढण्याचा. ती ५०.८३ लाख येते, पण खरी सरासरी म्हणजे एकूण खर्च भागिले एकूण नाणी. बांगडा स्वस्त असेल त्या दिवशी त्याच पैशांत जास्त बांगडे येतात, तसेच इथेही आहे. स्वस्त दिवसाचे वजन जास्त.

```
=SUM(B2:B4)/SUM(C2:C4)
```

B रकान्यात मी खात्यातून गेलेली पूर्ण रक्कम लिहितो. शुल्क ₹५ आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरला, तर प्रत्येक खरेदी ₹१,००५.९० ची होते, एकूण ₹३,०१७.७० होतात आणि सरासरी सुमारे ४९.४७ लाखांवर जाते. विक्रीचा भाव ५२ लाख असेल, तर नाण्यांचे मूल्य ₹३,१७२ आणि न वसूल झालेला नफा ₹१५४.३० इतका निघतो. इथे विक्रीच्या पडद्यावरचाच भाव घ्यावा. मुखपृष्ठावर दिसणारा भाव त्याहून चढा असतो, असे माझ्या ॲपमध्ये वारंवार आढळले.

एकाच व्यवहाराचे दोन स्क्रीनशॉट दोनदा भरले जाणे, ही कटकट अजूनही होते. त्यावर उपाय म्हणून ऑर्डर क्रमांकाचा रकाना ठेवला असून, महिन्यातून एकदा नाण्यांची बेरीज ॲपमधील शिलकेशी ताडून पाहतो. हा नफा अर्थातच कागदावरचा आहे. १ एप्रिल २०२२ पासून लागू असलेला ३० टक्के कर आणि त्यावरील उपकर विक्री केल्यावरच लागतो, म्हणून त्याचा रकाना मी या तक्त्यात ठेवलेला नाही.