उतारा लपवायचा की आपल्या शब्दांत मांडायचा?

लेखन शिकवताना माझ्याकडे दोन तऱ्हेच्या विनंत्या येतात. एक म्हणजे, "निबंध तयार आहे, उतरवलेला आहे हे ओळखू येणार नाही एवढं करून द्या." दुसरी, "हा उतारा मला माझ्या शब्दांत मांडायचाय, कसा मांडू?" पहिलीला मी नाही म्हणते, दुसरीसाठी तासभर बसते. वरवर पाहता दोन्हीकडे शब्दच बदलायचे असतात. म्हणून मी आधी एकच गोष्ट विचारते: मूळ लेखकाचं नाव निबंधात येणार आहे ना? नाव दडवायचं असेल, तर शब्द कितीही बदलले तरी तपासणाऱ्याला आपण खोटंच सांगतो, आणि त्या खोट्यात मला हात लावायचा नाही.

कोणता मार्ग धरायचा हे ठरवण्याआधी दोन्हींतून हाती काय येतं ते एका उताऱ्यावर पाहा. समजा, व्हिएन्नातले डॉक्टर सेमेलवाइस यांच्याबद्दलचा मूळ मजकूर असा आहे:

"सेमेलवाइसच्या सूचनेनंतर क्लोरीनच्या द्रावणाने हात धुणे सक्तीचे झाले आणि एप्रिल १८४७मध्ये सुमारे १८ टक्के असलेले बाळंतिणींच्या मृत्यूचे प्रमाण जूनमध्ये सुमारे २ टक्क्यांवर आले, तरीही शास्त्रीय स्पष्टीकरण मिळत नसल्याने अनेक वरिष्ठ डॉक्टरांनी ही पद्धत स्वीकारली नाही."

शब्द फिरवल्यावर तो असा होतो:

"सेमेलवाइसच्या आदेशानंतर क्लोरीनच्या मिश्रणाने हस्तप्रक्षालन अनिवार्य झाले आणि एप्रिल १८४७मध्ये अंदाजे १८ टक्के असलेली मृत बाळंतिणींची संख्या जूनमध्ये अंदाजे २ टक्क्यांवर उतरली, परंतु शास्त्रीय उलगडा होत नसल्याने अनेक वयोवृद्ध डॉक्टरांनी ही रीत अंगीकारली नाही."

सांगाडा जसाच्या तसा आहे: तीच वाक्यरचना, तोच क्रम, स्वल्पविरामही त्याच जागी. वर चुका शिरल्या त्या वेगळ्याच. 'प्रमाण'ची 'संख्या' झाली, आणि संख्या टक्क्यांत मोजत नाहीत. 'वरिष्ठ'चे 'वयोवृद्ध' झाले, म्हणजे पदाचा मुद्दा वयाचा झाला. संशोधन निबंधांतही हेच घडतं. गिओम काबानाक, सिरिल लाबे आणि अलेक्झांडर मागाझिनोव्ह यांनी २०२१मध्ये असे शब्दप्रयोग दाखवून दिले: 'ब्रेस्ट कॅन्सर'च्या जागी 'बूझम पेरिल', 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'च्या जागी 'काउंटरफिट कॉन्शसनेस'. साम्य शोधणाऱ्या सॉफ्टवेअरला चकवायला निवडलेले शब्दच शेवटी पकडले जाण्याची खूण ठरले. आणि सॉफ्टवेअरने काहीच दाखवलं नाही, तरी "वरिष्ठांनी का नाकारलं?" असा साधा प्रश्न तोंडी विचारला की विद्यार्थी अडकतो, कारण त्याने उतारा समजून घेतलेलाच नसतो.

आता दुसरा मार्ग. उतारा दोनदा वाचायचा, पुस्तक बंद करायचं आणि कागदावर चार-पाच शब्दच टिपायचे: हात धुणे, १८ वरून २, वरिष्ठांचा नकार, स्पष्टीकरण नाही. मग आपल्या निबंधाचा प्रश्न समोर ठेवून लिहायचं. एका विद्यार्थिनीचा प्रश्न होता, पुरावा असूनही नवा विचार का नाकारला जातो. तिने लिहिलं:

"आकडा डोळ्यांसमोर होता. हात धुण्याच्या सक्तीनंतर बाळंतिणींचा मृत्युदर दोन महिन्यांत १८ वरून २ टक्क्यांच्या आसपास आला (लेखकाचे आडनाव, वर्ष, पान). पण त्यामागचं कारण शास्त्राच्या भाषेत सांगता येत नव्हतं, आणि अनेक वरिष्ठांना तेवढं नकारासाठी पुरलं."

मग पुस्तक उघडून ताडून पाहायचं. आकडे बरोबर आहेत का? सलग तीन-चार शब्द मूळचे आले आहेत का? 'क्लोरीन', 'मृत्युदर' अशा संज्ञा आल्या तर हरकत नाही, त्या बदलूच नयेत. इथे चूक निघाली ती संदर्भाच्या जागेत. कंस दुसऱ्या वाक्यापाशी संपत होता, त्यामुळे वरिष्ठांच्या नकाराचं कारण तिने स्वतः शोधल्यासारखं वाटत होतं. कंस शेवटच्या वाक्यानंतर नेल्यावर उसना विचार कुठपर्यंत आहे ते कळलं. शब्द पूर्ण आपले असले तरी संदर्भ द्यावाच लागतो, ही गोष्ट सगळ्यात उशिरा पटते.

या मार्गाला वेळ लागतो, हे खरंच. एका परिच्छेदाला सुरुवातीला अर्धा तास सहज जातो. उद्या सकाळी निबंध द्यायचा असेल तर सगळा उतरवलेला मजकूर असा नव्याने लिहून होणार नाही, आणि तशी आशा मी दाखवत नाही. अशा वेळी उतरवलेली वाक्यं रंगवून घ्या. आपल्या प्रश्नाला लागणारी दोन-तीन अवतरणचिन्हांत, संदर्भासह ठेवा, बाकीची काढून टाका आणि उरलेल्या जागेत तुम्हाला जे समजलंय ते लिहा. निबंध तोकडा होईल, गुणही कमी पडतील. मुदतवाढ मागायची असेल तर ती आज रात्रीच मागा, आणि उतरवलेला भाग नव्याने लिहायचाय हे कारण सरळ सांगा.