कोटेशन मंजूर, प्रश्न मात्र अनुत्तरित

मी सोलापुरात घरूनच कॅटलॉग आणि माहितीपत्रके तयार करून देण्याचे काम करते. टॉवेल, चादरी, नॅपकिन असा आमच्या गावचाच माल माझ्या बहुतेक कामांत असतो. गेल्या जानेवारीत, सिद्धेश्वर यात्रेच्या आठवड्यात, एका कामाच्या जाहिरातीला मी जे उत्तर पाठवले त्यातून माझे बँक खाते सात आठवडे गोठले. माझ्यासारखे सुट्या कामांवर घर चालवणारे पुष्कळ आहेत, म्हणून हा प्रकार तपशिलाने लिहीत आहे.

जाहिरात साधीच होती. हॉटेलांना टॉवेल पुरवणाऱ्या पुण्याच्या एका व्यापाऱ्याला 32 पानांचा छापील कॅटलॉग हवा होता, आणि ‘ताबडतोब कोटेशन द्या, किती दिवसांत होईल ते कळवा’ असे त्यात लिहिले होते. अशा जाहिरातीवर तासाभरात वीस-पंचवीस जण तुटून पडतात हे ठाऊक असल्यामुळे मी वीस मिनिटांत उत्तर दिले. पानाला 750 रुपयांप्रमाणे एकूण 24,000 रुपये, त्यातले निम्मे आगाऊ. सर्व मजकूर आणि फोटो हाती आल्यापासून चार दिवसांत पहिली आठ पाने, बारा कामकाजाच्या दिवसांत संपूर्ण काम, आणि दुरुस्तीच्या दोन फेऱ्या त्याच दरात. त्याखाली मी सात प्रश्न विचारले होते. फोटो कोण देणार आणि ते किती मोठे आहेत, पार्श्वभूमी काढायची आहे का, प्रत्येक टॉवेलचे माप आणि जीएसएम म्हणजे दर चौरस मीटरचे ग्रॅममधले वजन कोण देणार, मजकूर मराठीत की इंग्रजीत, छपाई कुठे होणार, किमती छापायच्या आहेत का, आणि शेवटी उघडी फाइल हवी की फक्त पीडीएफ. सर्वांत खाली, घाईच्या सवयीने, मी खाते क्रमांक आणि आयएफएससी कोडही दिला होता.

हे प्रश्न शोभेसाठी नसतात. साठ टॉवेलांच्या फोटोंची पार्श्वभूमी काढायची म्हटली तर दोन दिवस त्यातच जातात आणि दर वाढतो. मोबाइलवरून आलेला 900 पिक्सेल रुंदीचा फोटो छपाईला 300 डीपीआयने लावला तर तो कागदावर जेमतेम तीन इंच भरतो, मग पानभर टॉवेल दाखवायचा कसा? म्हणूनच खरा ग्राहक या प्रश्नांशी झगडतो. ‘फोटो आहेत ते असे आहेत, चालतील का?’ असे तो विचारतो, जीएसएम त्याला तोंडपाठ असते, आणि 24,000 चा आकडा पाहून ‘वीसमध्ये करा की मॅडम’ असे म्हटल्याशिवाय तो राहत नाही. साखर पेठेत ज्यांच्या प्रेसमध्ये मी हे काम शिकले ते काका तर भाव न करणाऱ्या गिऱ्हाइकाला चहाच देत नसत.

मला दहा मिनिटांत उत्तर आले: ‘कोटेशन मंजूर. आजच सुरू करा.’ सातांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते. मी प्रश्न पुन्हा पाठवले, तेव्हा ‘सर्व माहिती आमचे फोटोग्राफर देतील’ एवढेच लिहून आले. टॉवेलांचा व्यापार करणाऱ्या माणसाला 30 बाय 60 इंचाच्या आपल्याच टॉवेलचे वजन सांगण्यासाठी फोटोग्राफर लागतो, ही गोष्ट सोलापुरात वाढलेल्या मला त्याच क्षणी खटकायला हवी होती. मला मात्र काम मिळाल्याचा आनंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या खात्यात 12,000 ऐवजी 74,000 रुपये जमा झाले. पाठवणाऱ्याचे नाव एका व्यक्तीचे होते, कोणत्याही दुकानाचे किंवा फर्मचे नव्हते. लगोलग फोन आला. आवाज शांत होता, भाषा अदबीची होती. ‘मॅडम, तुमचे पूर्ण 24,000 त्यातच आहेत. उरलेले 50,000 फोटोग्राफरचे. त्यांच्या खात्यात आमच्याकडून थेट पैसे जात नाहीत, काहीतरी तांत्रिक अडचण आहे. तेवढे तुम्ही पुढे पाठवा, म्हणजे ते फोटो सोडतील.’ पैसे पाठवणारी व्यक्ती कोण, असे मी विचारले, त्यावर ‘आमचे भागीदार’ असे उत्तर मिळाले. पुढच्या अर्ध्या तासात त्याचे चार निरोप आले आणि चारही एकाच गोष्टीबद्दल होते: फोटोग्राफरचे पाठवले का? मी 50,000 रुपये यूपीआयने पाठवून दिले. त्यानंतर माझ्या खात्यात 42,600 रुपये उरले.

रात्री काही फोटो आले. सगळे लहान, अस्पष्ट, आणि त्यांतले तीन टॉवेल वेगवेगळ्या कोनांतून काढलेला एकच टॉवेल होता. तरीही मी आठ पानांची मांडणी केली आणि माप व जीएसएमच्या जागा रिकाम्या ठेवल्या. चौथ्या दिवशी पहिली आठ पाने द्यायची होती, म्हणून मी ती पाठवली. पण ती कोणी उघडून पाहिलीच नाहीत. ज्या माणसाला काम ‘ताबडतोब’ हवे होते, त्याने मुदतीच्या दिवशी एकदाही विचारणा केली नाही.

पाचव्या दिवशी नवी पेठेत किराणा घेताना माझे पेमेंट अडकले. यात्रेमुळे सर्व्हर हळू चालत असेल, असे दुकानदार म्हणाला आणि मीही तेच मानले. घरी येऊन ॲप उघडले तर शिल्लक उणे 31,400 रुपये दिसत होती. शाखेत गेल्यावर तेथील अधिकाऱ्यांनी संगणक पाहून सांगितले, ‘मॅडम, तुमच्या खात्यावर 74,000 चा लीन आहे, म्हणजे तेवढी रक्कम अडवून ठेवली आहे, आणि खर्चाचे व्यवहार बंद केले आहेत. सायबर तक्रार आली आहे.’ त्यांनी मला एका चिठ्ठीवर तक्रारीचा पोच क्रमांक आणि परराज्यातील एका सायबर पोलीस ठाण्याचा ईमेल पत्ता लिहून दिला. यापेक्षा अधिक करणे त्यांच्या हातात नव्हते.

नंतर उलगडले ते असे. दुसऱ्या राज्यातील एका निवृत्त गृहस्थांना फोनवर घाबरवून कोणीतरी 74,000 रुपये पाठवायला लावले होते आणि पाठवण्यासाठी खाते दिले होते माझे, जे मी स्वतःच कोटेशनच्या तळाशी लिहून दिले होते. त्या गृहस्थांनी 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवली. अशी तक्रार झाली की पैसे ज्या खात्यांतून फिरले त्या प्रत्येक बँकेला कळवले जाते आणि त्या त्या खात्यात रक्कम अडवली जाते. फसवल्या गेलेल्या माणसाचे पैसे थेट माझ्याकडे आले असल्यामुळे या साखळीतले पहिले खाते माझे होते. तथाकथित फोटोग्राफरचे खाते दुसरे, आणि तेथून ती रक्कम त्याच रात्री एटीएममधून रोख काढली गेली होती. म्हणजे कॅटलॉग हे निमित्त होते. पैशांचा माग मोडण्यासाठी मधे एक प्रामाणिक माणसाचे चालू असलेले खाते हवे होते. 24,000 रुपये माझ्याकडे राहू देणे हा त्यांच्या दृष्टीने त्या खात्याचा मोबदला होता, असा माझा तर्क आहे.

जास्तीचे पैसे आले तेव्हा काय करायला हवे होते, हे मला शाखेतच कळले. आलेली रक्कम पुढे कोणाकडेही न पाठवता, त्याच दिवशी बँकेला लेखी कळवून, ती ज्या खात्यातून आली त्याच खात्यात परत करण्याची विनंती करायची. पाठवणारा कितीही घाई करो, ‘तिसऱ्याच्या’ खात्याला हात लावायचा नाही. माझ्या कोटेशनमध्ये आगाऊ रक्कम 12,000 लिहिलेली होती. त्यापेक्षा एक रुपयाही जास्त येण्याचे कारण नव्हते, एवढे मी लक्षात घेतले असते तरी पुरे होते.

स्थानिक सायबर पोलिसांकडे मी माझीही तक्रार दिली आणि परराज्यातील तपास अधिकाऱ्यांना ईमेलने सर्व कागद पाठवले: जाहिरातीचा स्क्रीनशॉट, वेळेसह कोटेशन, संपूर्ण संभाषण, बँकेचे विवरणपत्र, दोन्ही व्यवहारांचे यूटीआर क्रमांक आणि तयार केलेली आठ पाने. पहिल्या तीन ईमेलना उत्तर आले नाही. चौथ्यानंतर फोन आला. त्या अधिकाऱ्यांनी संभाषण नीट वाचलेले होते. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, ‘तुम्ही सात गोष्टी विचारल्या, त्याने एकही सांगितली नाही, मग तुम्ही काम सुरू कसे केले?’ याचे उत्तर मला देता आले नाही. पण त्याच सात प्रश्नांमुळे आणि आठ पानांमुळे मी खरोखर काम करणारी आहे, खाते भाड्याने देणारी नव्हे, हे त्यांना पटले, असे त्यांनी पुढे सांगितले. संभाषण फक्त फोनवर झाले असते तर माझ्याकडे दाखवायला काही नव्हते. त्या व्यक्तीने आपले निरोप नंतर पुसून टाकले होते, मात्र मी पाचव्या दिवशीच सगळे निर्यात करून ठेवले होते.

त्या सात आठवड्यांत संगणकाच्या कर्जाचा हप्ता दोनदा परत गेला आणि दोन्ही वेळा दंड लागला. जुन्या ग्राहकांचे पैसे त्याच खात्यात येत होते, ते आत यायचे पण बाहेर काढता येत नव्हते. शेवटी वडिलांच्या खात्यात पैसे घेण्याची विनंती मला प्रत्येकाला करावी लागली, आणि का, हेही सांगावे लागले.

आता मी जाहिरातीला पूर्वीसारखेच पटकन उत्तर देते, परंतु आकडा ‘अमुक ते अमुक’ असा देते आणि प्रश्नांची उत्तरे आल्यावरच तो पक्का करते. बँकेचा तपशील कोटेशनमध्ये लिहीत नाही. तो ग्राहकाचे नाव, पत्ता आणि कामाचा लेखी होकार मिळाल्यावर बिलासोबत पाठवते, आणि बिल ज्याच्या नावाचे त्याच्याच खात्यातून पैसे येतील, अशी एक ओळ त्यात असते. गेल्या महिन्यात अक्कलकोट रोडच्या एका कारखानदाराने सातपैकी पाच प्रश्नांची उत्तरे दिली, दोन चुकीची दिली, आणि तीन हजार कमी करायला लावले. त्याचे काम मी आनंदाने घेतले.

मार्चमध्ये माझ्या खात्यावरील व्यवहारांची बंदी उठली. पुढे पाठवलेल्या 50,000 रुपयांपुरता लीन तपास अधिकाऱ्यांच्या पत्रावरून काढला गेला. माझ्याकडे राहिलेले 24,000 रुपये मूळ तक्रारदाराला देण्यास माझी हरकत नाही, असे मी लिहून दिले आहे. त्या रकमेवरचा लीन मात्र अजून आहे आणि न्यायालयाचा आदेश आल्यावरच ती त्या गृहस्थांकडे जाईल, असे मला सांगण्यात आले आहे.