कॅज्युअल्टीत रुग्ण अडतो कुठे? कागदी वेळपट्टी की सॉफ्टवेअरच्या नोंदी

शंभर-दीडशे खाटांच्या रुग्णालयात कॅज्युअल्टीच्या वेळा दोन ठिकाणी सापडतात. काही केसपेपरवर हाताने लिहिलेल्या, बाकीच्या बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आपोआप पडलेल्या. अडथळा शोधायला यांपैकी कशावर विसंबायचं?

सॉफ्टवेअरची सोय उघड आहे. वर्षभराच्या नोंदी आयत्या मिळतात, कुणाला वेगळं काही लिहावं लागत नाही. पण त्यातली वेळ नेमकी कशाची, हे आधी विचारावं. नोंदणीची वेळ म्हणजे नातेवाईक खिडकीवर पोहोचल्याची वेळ. मोहोळहून आणलेला अपघाताचा रुग्ण तोवर कॉटवर घेतलेलाही असतो. वॉर्डात खाट दिल्याची वेळ म्हणजे क्लार्कने बटण दाबल्याची वेळ, रुग्ण मात्र अजून कॅज्युअल्टीतच असतो. मधल्या वेळा सिस्टर गर्दी ओसरल्यावर, ड्यूटी संपताना एकदम भरतात. हे ओळखणं अवघड नाही. दुपारी दोन आणि रात्री आठच्या आसपास नोंदींचे गठ्ठे दिसले, किंवा ईसीजी रुग्ण येण्याआधीच निघालेला दिसला, की त्या मधल्या वेळा बाजूला ठेवाव्यात.

कागदी वेळपट्टी म्हणजे केसपेपरला टाचलेला अर्धा कागद आणि त्यावर सहा चौकटी: दारात आला, ट्रायाज झाला, डॉक्टरांनी पाहिलं, रिपोर्ट हाती आले, भरती किंवा घरी असा निर्णय झाला, ट्रॉली दाराबाहेर गेली. पहिली चौकट दारावरच्या वॉर्डबॉयने आणि शेवटची ट्रॉली ढकलणाऱ्याने भरायची, खिडकीवर नाही. पट्टी खरी ठरते ती इथेच. लोक वेळ पाच-दहा मिनिटांच्या पटीत लिहितात, त्याने बिघडत नाही, कारण शोध तासाभराच्या खोळंब्याचा आहे. खरी गोची वेगळीच. सगळ्यात गंभीर रुग्णाची पट्टी कोरी राहते, कारण तेव्हा लिहायला कुणाचा हात मोकळा नसतो. म्हणून रोज रजिस्टरमधले रुग्ण आणि भरलेल्या पट्ट्या यांचा मेळ घालावा, आणि कोऱ्या पट्ट्या कुणाच्या ते पाहावं. शिवाय दोन आठवड्यांनंतर लिहिणारे कंटाळतात, तेव्हा मुदत तेवढीच ठेवावी. भिंतीवरची सगळी घड्याळं पहिल्या दिवशी संगणकाशी जुळवून घ्यावीत, नाहीतर लॅबचा रिपोर्ट नमुना घेण्याआधीच आलेला दिसेल.

आकडे कुठूनही आले तरी हिशोब एकच. प्रत्येक टप्प्याची मिनिटं काढा, मग मधला आकडा आणि नव्वदावा टक्का, म्हणजे नव्वद टक्के रुग्ण ज्याच्या आत बसतात तो आकडा, पाहा. सरासरी नको. रात्रभर अडकलेले दोन रुग्ण ती कुठच्या कुठे नेतात. एक्सेलमध्ये B आणि C रकान्यांत टप्प्याच्या सुरुवातीची आणि शेवटची वेळ, H मध्ये त्यांतली मिनिटं:

```
=MOD(C2-B2,1)*1440
=MEDIAN(H2:H151)
=PERCENTILE(H2:H151,0.9)
```

पहिलं सूत्र मध्यरात्र ओलांडणाऱ्या वेळा सांभाळतं, पण उलट्या लिहिलेल्या वेळाही गिळून टाकतं. पाच मिनिटं उलटी नोंद 1435 मिनिटं होऊन बसते. एका टप्प्याला 720 मिनिटांच्या वर काही दिसलं, तर तो कागद काढून पाहा.

आता एक उदाहरण घेऊ. समजा 12 कॉट आहेत, संध्याकाळी तासाला 5 रुग्ण येतात, आणि येण्यापासून निर्णयापर्यंत सरासरी दीड तास जातो. 5 गुणिले 1.5, म्हणजे साडेसात कॉट उपचारात गुंतल्या. (कॉट मोजताना मात्र सरासरीच लागते.) तासाला येणाऱ्या 5 पैकी 2 जण भरतीचे, आणि निर्णयानंतर वॉर्डात जायला त्यांना 3 तास लागतात. म्हणजे आणखी 6 कॉट. बेरीज साडेतेरा, कॉट बारा. दाराशी रांग लागते, नातेवाईक आवाज चढवतात, आणि सगळे म्हणतात डॉक्टर वाढवा. डॉक्टर वाढवून दीड तासाचा सव्वा तास झाला, तरी बेरीज सव्वाबारा, रांग कायम. वॉर्डात जायचे 3 तास दीडवर आणले, तर मात्र बेरीज साडेदहावर येते.

हा दोष सॉफ्टवेअरमध्ये दिसतच नाही, कारण तिथे खाट निर्णयानंतर दहा मिनिटांत ‘दिलेली’ असते. पट्टीवरच्या शेवटच्या चौकटीत तो दिसतो. कारण शोधायला मग वॉर्डात जावं लागतं: सकाळी राउंडला डिस्चार्ज सांगितलेला रुग्ण बिल आणि विमा-योजनेच्या कागदांपायी संध्याकाळपर्यंत खाटेवरच असतो.

म्हणून ज्यांनी कधीच मोजलेलं नाही त्यांनी पट्टीपासून सुरुवात करावी. दोन आठवड्यांत दीडशे पट्ट्या पुरतात. भरतीचे आणि घरी गेलेले मात्र वेगळे मोजावेत. कोणत्या महिन्यात, कोणत्या तासाला गर्दी होते, हे सॉफ्टवेअरला विचारावं, कारण त्याला नोंदणीची वेळ पुरेशी असते. पट्टीचे आठवडे सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत किंवा आषाढीच्या तोंडावर धरू नयेत. ती गर्दी वेगळी असते. वॉर्डातली अडचण सोडवल्यावर एक आठवडा पुन्हा पट्टी लावावी आणि फक्त शेवटच्या दोन चौकटी भरून घ्याव्यात.