मिठाच्या पाण्यात आंबवायला गाजर बरं की मुळा?

पहिलीच बरणी लावत असाल तर गाजर घ्या. मुळा लवकर तयार होतो, पण तो नीट आंबतोय की बिघडलाय हे वासावरून ओळखायला सराव लागतो.

मांडणी दोघांची सारखीच. १ लिटरच्या काचेच्या बरणीत बोटाएवढ्या जाड ४०० ग्रॅम फोडी उभ्या भरा आणि ४०० मिली उकळून गार केलेलं पाणी घाला. मीठ नुसत्या पाण्यावर मोजू नका. भाजी आणि पाणी मिळून ८०० ग्रॅम होतात, त्यावर मोजा. गाजराला अडीच टक्के, म्हणजे २० ग्रॅम पुरतं. मुळा लवकर मऊ पडतो, म्हणून त्याला ३ टक्के, म्हणजे २४ ग्रॅम घाला. फोडी वजनाने दाबून पूर्ण बुडवा आणि झाकण सैल ठेवा, कारण आत वायू साठतो.

खोलीचं तापमान २० ते २४ अंश असेल तर मुळ्याला साधारण ४ ते ६ दिवस लागतात, गाजराला ७ ते १०. तिशीच्या पुढे हे दिवस निम्म्यावर येतात, पण फोडीही लवकर लिबलिबीत होतात. तेव्हा दुसऱ्याच दिवसापासून चव बघायला लागा.

पाणी गढूळ होणं, बुडबुडे येणं, तळाशी पांढरा साका बसणं हे दोन्हींत होतं. त्यावरून आंबणं सुरू झालंय एवढंच कळतं, पूर्ण झालंय असं नाही. बुडबुडे थांबले म्हणून बरणी उचलू नका.

गाजराचा निर्णय फोडीच्या गाभ्यावर करा. सगळ्यात जाड फोड आडवी कापून फक्त मधला भाग खा. बाहेर आंबट आणि आत कच्चा गोडवा असेल तर आणखी २ दिवस ठेवा. गाजरात साखर जास्त असते, त्यामुळे मधल्या काळात पाणी कधी कधी तारेसारखं चिकट होतं. वास स्वच्छ आंबट असेल तर घाबरू नका, बहुतेक वेळा ते आपोआप पातळ होतं.

मुळ्यात नाक आधी फसवतं. त्यातल्या गंधकयुक्त घटकांमुळे सुरुवातीचे २-३ दिवस उग्र वास येतो. तो हळूहळू मागे पडून आंबट वास पुढे आला, फोड किंचित पारदर्शक दिसली आणि तरी दाताखाली करकरली, की झालं. वास उलट वाढत जाऊन कुजका झाला तर बरणी टाकून द्या.

चवीवर विश्वास नसेल तर पीएच पट्टी वापरा. ४.६ च्या खाली हवाच, ४ च्या आसपास आला की निश्चिंत. मात्र पाणी आधी आंबट होतं, जाड गाजराचा गाभा नंतर. म्हणून एक फोड वाटून तिचा रस तपासा.

वर पांढरा, सपाट, सुरकुतलेला पापुद्रा आला तर तो यीस्टचा असतो. गाजरावर तो जास्त येतो. काढून टाका आणि फोडी पुन्हा बुडवा. केसाळ किंवा रंगीत बुरशी दिसली तर सगळंच टाका. तयार बरणी लगेच फ्रिजमध्ये ठेवा. मुळा महिन्याभरात संपवलेला बरा, गाजर त्याहून जास्त दिवस करकरीत राहतं.