ट्रे पाच स्टार, मेणबत्ती एक... बरं, तीन

दिवाळीच्या आधी २,४०० रुपयांना सेंटरपीसचा सेट घेतला. आंब्याच्या लाकडाचा ट्रे, छोटी पितळी उरळी आणि तीन इंच जाडीच्या तीन मेणबत्त्या. आता आठ महिने झाले.

आधी मेणबत्तीचं बोलतो, कारण सगळा राग तिच्यावरच आहे. आमच्याकडे पाहुणे आले की ती पेटायची आणि ते निघाले की लगेच विझायची. उगाच मेण कशाला जाळायचं? चार वेळा असं झालं आणि मधोमध विहीर पडली. वात तळाशी बुडालेली, भोवती मेणाची जाड भिंत जशीच्या तशी. कंपनीला फोटो पाठवले. उत्तर आलं, 'ही वापरून संपणारी वस्तू आहे, वॉरंटी नाही.' तेव्हा एक स्टार दिला होता.

मग मेणबत्त्या बनवणाऱ्या एका ओळखीच्या ताईंनी माझीच चूक दाखवली. पहिल्यांदा पेटवली की वितळलेलं मेण जवळजवळ कडेपर्यंत पोचू द्यायचं. इंचाला साधारण एक तास, म्हणजे हिला तीन तास. लवकर विझवली तर पुढच्या वेळी ती त्याच खड्ड्यात जळते. वातही दरवेळी पाव इंचाची कापायची, नाहीतर काजळी धरते. खड्डा पडलेल्या मेणबत्तीवरही उपाय निघाला: आतलं जास्तीचं मेण काढून वात मोकळी केली, वरून कडेला फॉइल गुंडाळलं, मध्ये भोक ठेवलं आणि समोर बसून राहिलो. तासाभरात भिंत वितळून पृष्ठभाग सपाट झाला. म्हणून आता तीन स्टार.

उरलेले दोन कापले ते पंख्यामुळे. दुसरी मेणबत्ती नियमाने लावली, पण टीपॉय बरोबर पंख्याखाली. ज्योत एकीकडे झुकली, त्या बाजूची कड ढासळली आणि मेण ओघळलं. ते ट्रेमध्ये पडलं म्हणून सागवानी टीपॉय वाचला. मेणावर पिशवीत बर्फ धरला, ते कडक झाल्यावर जुन्या एटीएम कार्डाने खरवडलं. डाग नाही. या ट्रेला माझ्याकडून पाचपैकी पाच. शिवाय जेवायच्या वेळी सगळा पसारा एका हाताने उचलून बाजूला ठेवता येतो.

उरळीला तक्रार नाही. देठ काढलेली झेंडूची फुलं पाण्यावर सोडतो. बुटकी असल्यामुळे डायनिंग टेबलावरही समोरच्याचं तोंड दिसतं. पाणी मात्र रोज ओतून टाकून भांडं घासतो. एकदा आठवडाभर गावाला गेलो, परत येऊन बघतो तर आत डासांच्या अळ्या वळवळत होत्या.

हो, मेणबत्त्या मोगऱ्याच्या वासाच्या आहेत. जेवणाच्या टेबलावर लावू नका. आमटीला अत्तर लावल्यासारखं होतं.

तिसरी मेणबत्ती अजून प्लॅस्टिकमध्येच आहे. ठाण्यात सलग तीन तास पंखा बंद ठेवता येईल अशा संध्याकाळची वाट बघतोय.